मोटर अठरा दिवस पडून आहे, आता तात्यांना काय कळवू?

*ताई, शिवाजी उद्यमनगरात माझं मोटर वाइंडिंगचं लहान दुकान आहे. मी आणि एक कामगार. करवीर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, साडेसात एचपीची बोअरची सबमर्सिबल मोटर 3 एप्रिलला आली. जळालेली होती. ‘7 तारखेला देतो’ म्हणालो, दोन हजार अ‍ॅडव्हान्स घेतला. कामगार जोतिबाच्या यात्रेला गेला तो काही दिवस गावीच राहिला, मग कारखान्यांच्या मोटरी आल्या, त्या आधी घेतल्या. तात्यांची खोलली तेव्हा थ्रस्ट बेअरिंगही खराब निघालं. ते कोइमतूरहून यायचंय. डीलर म्हणतो ‘दोन दिवसात’. आज 21 तारीख. गेल्या आठवड्यात तात्यांचे दोन फोन मी उचलले नाहीत, काय सांगू कळेना. आता हा मेसेज लिहिलाय: ‘नमस्कार. काही तांत्रिक अडचणींमुळे व कामाच्या लोडमुळे आपल्या कामास विलंब झाला. गैरसोयीबद्दल क्षमस्व. लवकरात लवकर काम पूर्ण करून देऊ. सहकार्य करावे.’ पाठवू का? आणि तारीख काय देऊ?*

*— एक वाइंडर, कोल्हापूर*

भाऊ,

हा मेसेज पाठवू नका. त्यातले शब्द वाईट नाहीत, पण त्यात तात्यांच्या उपयोगाचं एकही वाक्य नाही. एप्रिलच्या उन्हात उसाला आठ-दहा दिवसांवर पाणी लागतं. म्हणजे तुमच्या दुकानात मोटर पडून असताना त्यांच्या दोन पाळ्या गेल्या, किंवा शेजाऱ्याच्या बोअरवरून हातापाया पडून त्यांनी त्या भागवल्या. त्या माणसाला ‘लवकरात लवकर’ वाचून काय करता येईल? शेजाऱ्याला अजून किती दिवस मागायचं, मोटर सोडणाऱ्यांना कधी बोलवायचं, हे त्याला तारखेवरूनच ठरवावं लागतं. म्हणून आधी तारीख काढा, मेसेज नंतर लिहू.

तारीख काढताना डीलरचे ‘दोन दिवस’ धरू नका. आत्ता त्याला फोन करून एवढंच विचारा: माल ट्रान्सपोर्टला चढला का, आणि बिल्टी नंबर काय? बिल्टी फाटली असेल तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसला विचारून गाडी कोल्हापुरात कधी लागते ते कळेल, आणि तो दिवस हिशेबात धरता येईल. बिल्टी नसेल तर बेअरिंग अजून निघालेलंच नाही असं समजा. तसं असेल तर तात्यांना मोटर द्यायची तारीख आज देऊच नका. त्यांना फक्त कळवायची तारीख द्या: ‘बेअरिंग कधी येणार ते गुरुवारी दुपारी बाराच्या आत मी स्वतः फोन करून सांगतो.’ ही तारीख पाळणं पूर्णपणे तुमच्या हातात आहे, कारण त्यासाठी फक्त फोन करायचा आहे. मोटरची तारीख मात्र तिसऱ्या माणसाच्या भरवशावर दिलीत आणि ती चुकली, तर तात्यांच्या लेखी ती तुम्हीच चुकवली असं होईल, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

समजा बिल्टी आहे आणि माल गुरुवारी येतोय. आता तुमचं काम मांडू. आज मंगळवार. वाइंडिंगची वायर योग्य गेजची, पुरेशी, दुकानात आहे का ते आज संध्याकाळीच बंडल हातात घेऊन बघा, फळीवर दिसतं म्हणून धरू नका. जुनी वायर कापण्याआधी टर्न, पिच आणि कनेक्शन वहीत उतरवून ठेवलं आहे ना, तेही तपासा. कामगार गावाला गेला त्या गडबडीत हे राहिलं असेल तर पुढचा सगळा हिशेब बदलतो. बुधवार आणि गुरुवार दोघं मिळून बसलात तर वायर ओढून जॉइंट बांधून होतात. दुसरी कुठलीही मोटर मध्ये घ्यायची नाही या अटीवर. गुरुवारी रात्री स्टेटर पाण्यात. शुक्रवारी सकाळी मेगर लावून इन्सुलेशन तपासायचं. मेगर ठीक आला तर थ्रस्ट बेअरिंग बसवून, मोटर जोडून, पाणी भरून, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मोकळी चालवून बघता येईल.

म्हणजे शुक्रवार सांगायचा का? नाही. तुमच्या धंद्यात एक गोष्ट अशी आहे जिला घाई चालत नाही, आणि ती म्हणजे ती पाण्यातली रात्र. शुक्रवारी सकाळी मेगर कमी दाखवला तर जॉइंट सोडून पुन्हा टेपिंग करावं लागेल आणि स्टेटर पुन्हा रात्रभर बुडवावा लागेल. मग शनिवारी सकाळी दुसरा मेगर, दुपारपर्यंत जोडणी, आणि संध्याकाळी मोटर तयार. एकदा मेगर नापास होण्याइतकी जागा तारखेत असली पाहिजे. तेव्हा तात्यांना द्यायची तारीख शनिवार, 25 एप्रिल, संध्याकाळी पाच. मेसेजमध्ये शुक्रवारचा उल्लेखसुद्धा करू नका. ‘बहुतेक शुक्रवारी, नाहीतर शनिवारी’ असं लिहिलंत की वाचणारा शुक्रवारच धरून बसतो, आणि शनिवारी दिलेली मोटरसुद्धा त्याला उशिराच मिळाल्यासारखी वाटते.

तारीख पाळायची म्हणून ती रात्र कधीही वाचवू नका, हे मला फार कळकळीनं सांगावंसं वाटतं. पाण्यात न तपासलेला जॉइंट बोअरमध्ये गेल्यावर उतरला तर सगळे पाइप पुन्हा वर काढायचे, माणसं पुन्हा बोलवायची, मजुरी दुसऱ्यांदा. तो खर्च तात्यांच्या खिशातून जातो. त्यापेक्षा एक दिवस जास्त लागलेला त्यांनाही परवडेल.

आता तारीख त्यांच्या बाजूनं बघा. तुमच्यासाठी काम मोटर तयार झाली की संपतं, त्यांच्यासाठी ती बोअरमध्ये उतरून पाणी वर आलं की. त्यासाठी त्यांना चेनपुलीवाली माणसं लागतात, आणि ती माणसं एक दिवस आधी सांगून मिळतात. शेतीची थ्री-फेज लाइट ठराविक तासच असते, बऱ्याच ठिकाणी कुठल्या आठवड्यात दिवसा तर कुठल्या आठवड्यात रात्री. मोटर शनिवारी संध्याकाळी पाचला शेतावर पोचली तर रविवारी सकाळी उजेडात सोडता येते. हेच जर तुम्ही ‘शनिवारी घेऊन जा’ एवढंच सांगितलंत, तर ते सकाळी अकराला टेम्पो घेऊन दुकानात येतील, मोटर अजून टेबलावर असेल, आणि भाड्याचे पैसे वाया जातील. म्हणून तारखेबरोबर वेळ, आणि वेळेबरोबर जागा सांगायची: दुकानातून न्यायची की शेतावर पोचवणार.

माझं मत विचाराल तर शेतावर तुम्ही पोचवा, भाडं तुमचं. उशिराची भरपाई म्हणून ‘बिलात काहीतरी कमी करू’ असं मोघम लिहू नका. त्यानं माणूस पैशावर येतो आणि घासाघीस सुरू होते. पोचवण्याचा खर्च मात्र सरळ आहे, मोजका आहे, आणि त्यांची एक खेप खरोखर वाचते.

मेसेजच्या आधी फोन. दोन फोन उचलले नाहीत त्या माणसाला तिसऱ्या वेळी नुसता मेसेज आला, तर हा अजूनही तोंड चुकवतोय असंच त्याला वाटणार. फोन आजच करा. शेतकरी माणूस दुपारी पडलेला असतो, संध्याकाळी धारा काढायच्या असतात, तेव्हा आठच्या सुमाराला करा. ते बोलतील. मधे तोडू नका, कारणं सांगायला धावू नका. त्यांचं बोलून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: ‘तात्या, सध्या पाण्याचं कसं भागवताय?’ हा उपचार म्हणून विचारायचा नाही, त्यावरून तुमचा निर्णय बदलू शकतो. ते म्हणाले की शेजारी आणखी आठवडाभर पाणी देतोय, तर शनिवार चालेल. ते म्हणाले की परवापासून तेही बंद, तर शनिवार तुमच्या दृष्टीनं कितीही योग्य असला तरी त्यांच्या उपयोगाचा नाही. मग दुकानात बदली द्यायला व्ही-सहाची साडेसातची चालू मोटर पडून आहे का बघा, त्यांच्या पंपाला बसेल अशी. असेल तर उद्याच द्या. नसेल तर दुसऱ्या कुणाकडून मोटर करून घ्यायची मोकळीक त्यांना तुम्ही होऊन द्या.

ही मोकळीक मेसेजमध्येही लिहायची. तुम्हाला वाटेल, गिऱ्हाईक घालवायचा रस्ता मीच कसा दाखवू. पण मोटर खोललेली आहे, सुटे भाग तुमच्याकडे आहेत, अ‍ॅडव्हान्स तुमच्याकडे आहे. म्हणजे तात्या अडकलेले आहेत, आणि ते त्यांना माहीत आहे. अडकलेल्या माणसाकडे मागितलेली माफी त्याला खरी वाटत नाही. दोन हजार परत, सगळे सुटे भाग एका पोत्यात नीट बांधून, वहीतला वाइंडिंगचा डेटा कागदावर उतरवून सोबत, आणि खोलल्याची मजुरी नाही, एवढं स्पष्ट लिहा. बहुतेक वेळा माणूस शनिवारपर्यंत थांबायलाच तयार होतो, कारण दुसऱ्या दुकानातही रांगच असते. पण नाही थांबला तर दिलेला शब्द पाळा आणि त्याच दिवशी पैसे हातात द्या.

फोन झाल्यावर लगेच मेसेज, त्याच रात्री. फोनवर बोललेली तारीख घरात तीन माणसांना तीन प्रकारे आठवते. आणि तात्यांचा व्हॉट्सअ‍ॅप बहुधा मुलगा किंवा पुतण्या बघत असेल, तेव्हा मेसेज असा हवा की ज्यानं तुमचा फोन ऐकलेला नाही त्यालाही तो कळेल. मी असा लिहिला असता:

> तात्या, नमस्कार. तुमची साडेसातची मोटर 3 एप्रिलला आली. 7 तारखेला देतो म्हणून मी शब्द दिला होता, तो पाळला नाही. यात्रेनंतर कामगार नव्हता आणि दुसरी कामं मी आधी घेतली. तुमचे फोन उचलले नाहीत, ते फार चुकलं. माफ करा.
>
> आजची स्थिती: मोटर खोलून झाली आहे. वाइंडिंग पूर्ण नवीन करायचं आहे. थ्रस्ट बेअरिंगही बदलावं लागणार, ते कोइमतूरहून निघालं आहे, गुरुवारी येईल.
>
> मोटर शनिवार, 25 एप्रिल, संध्याकाळी 5 पर्यंत तुमच्या शेतावर मी आणून देतो. भाडं माझं. रविवारी सकाळी सोडायला माणसं सांगून ठेवली तरी चालेल.
>
> काही कमी-जास्त झालं तर शुक्रवारी दुपारी 12 च्या आत मी स्वतः फोन करेन.
>
> तुम्हाला थांबायचं नसेल तर सांगा. दोन हजार आणि सगळं सामान, वाइंडिंगच्या डेटासह, उद्याच परत देतो, खोलल्याचे पैसे नाहीत.

यातलं कारणाचं वाक्य बघा. तुमच्या मसुद्यात ‘तांत्रिक अडचणी’ होत्या. तात्यांनी आयुष्यभर मोटरी वापरल्यात, अठरा दिवसांची तांत्रिक अडचण नसते हे त्यांना कळतं. बेअरिंगचं कारण खरं आहे, पण ते शेवटच्या काही दिवसांचं. आधीचे दिवस मोटर नुसती पडून होती. बेअरिंग पुढे करून ते दिवस झाकलेत, तर दुकानात आलेल्या गावच्या एखाद्या माणसाकडून खरं कधीतरी कळणारच. कामगाराचा उल्लेख एका वाक्यापुरता, त्याच्यावर ढकलल्यासारखा नको. तो यात्रेला गेला यात त्याची चूक नाही. मोटर घेताना तो नसणार हे तुम्ही धरलं नव्हतं. कारखान्यांच्या मोटरींचं नाव मात्र काढू नका. ‘दुसरी कामं आधी घेतली’ एवढं कबूल करणं खरं आहे. ‘मोठ्या गिऱ्हाइकांची घेतली’ म्हणणं म्हणजे तुम्ही लहान आहात असं त्यांना तोंडावर सांगणं.

काही दुकानदारांना भीती वाटते की चूक लेखी कबूल केली तर ती उद्या तक्रारीत वापरली जाईल. पैसे घेऊन केलेली दुरुस्ती ही सेवाच आहे आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल दाद मागता येते, हे खरं. पण उशीर तुमच्या पावतीवरच्या तारखेनं आधीच दिसतो, मेसेजनं त्यात भर पडत नाही. उलट तारीख देऊन, पैसे परत द्यायची तयारी दाखवून लिहिलेला मेसेज हाताशी असणं तुमच्याही बाजूचं आहे. जे खरं नाही ते मात्र लिहू नका. ‘पिकाचं नुकसान माझ्यामुळे झालं, भरून देतो’ असलं भावनेच्या भरात लिहिलं तर तो वेगळाच शब्द होतो आणि तो तुम्हाला झेपणार नाही.

मेसेजमधला शुक्रवारी बाराचा फोन विसरू नका. मेगर ठीक आला असेल तरी करा: ‘तात्या, चाचणी बरोबर आली, उद्या पाचला येतो, माणसं सांगा.’ मेगर कमी आला तर शनिवार अजून हातात आहे, तेव्हा घाबरवायचं कारण नाही, पण लपवायचंही नाही. ‘एक जॉइंट पुन्हा बांधला, आज रात्री परत पाण्यात ठेवतोय, उद्याची वेळ तीच आहे, सकाळी दहाला पक्कं सांगतो. तोवर माणसांना फक्त कल्पना द्या, पैसे देऊ नका.’ आणि शनिवारी सकाळीही मेगर आला नाही, तर दहाच्या आत सांगा आणि तिसरी तारीख देऊ नका. दोन तारखा चुकल्यावर तिसरीवर कुणी विश्वास ठेवत नाही. तेव्हा अ‍ॅडव्हान्स त्याच दिवशी परत करा, मोटर न्यायची की तुमच्याकडेच करून घ्यायची हे त्यांना ठरवू द्या. ठेवायची म्हणाले तर काम झाल्यावरच पैसे घ्या.

आणखी एक काम, तात्यांच्या मेसेजइतकंच तातडीचं. पावती पुस्तक काढा आणि त्यांच्यासारख्या अजून किती मोटरींची सांगितलेली तारीख उलटून गेली आहे ते बघा. बुधवार-गुरुवार तुम्ही दुसरं काम घेणार नाही, म्हणजे त्या मोटरीही मागे जाणार. ज्यांची तारीख अजून उलटलेली नाही पण उलटणार हे आजच दिसतंय, त्यांना आजच कळवा. त्यांना माफीची गरज नाही, दोन ओळी पुरतात: ‘गुरुवारी सांगितलेली मोटर सोमवारी संध्याकाळी मिळेल. घाई असेल तर आजच सांगा.’ आधी कळवलेल्या उशिरावर सहसा कुणी भांडत नाही, कारण त्यांचा दिवस अजून मोडलेला नसतो.

मोटर पोचवायला तुम्ही स्वतः जा, कामगाराला पाठवू नका. जाताना टाँग टेस्टर घ्या. रविवारी सोडताना तुम्हाला थांबता आलं तर उत्तम, नाहीतर निदान शनिवारी स्टार्टर उघडून बघा. मोटर जळाली कशानं हे पत्रात नाही, आणि ते शोधलं नाही तर नवीन वाइंडिंगही त्याच कारणानं जाईल. एक फेज गेली असताना मोटर चालत राहिली का, ओव्हरलोड रिले वर करून ठेवलाय का, सिंगल फेजिंगचं प्रिव्हेंटर बंद करून टाकलंय का, बोअरचं पाणी खाली गेलं असताना कोरडी चालली का, हे तात्यांना विचारा. पाणी सुरू झालं की तिन्ही फेजचे अँपिअर बघून पावतीच्या मागे लिहा, तारखेसह, आणि एक प्रत त्यांच्या स्टार्टरच्या पेटीत ठेवा.